चौथं विरजण

आईचा प्रश्न साधाच होता, पण तीन महिने तो माझ्या डोक्यातून जात नाहीये. भाच्याची अक्कलदाढ काढली होती. पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलेलं. तिसऱ्या दिवशी पहाटेपासून त्याच्या बाथरूमच्या फेऱ्या सुरू झाल्या. डॉक्टरांना फोन करून एक कॅप्सूल लिहून घेतली, आणि संध्याकाळी तो ती घेऊन आला तेव्हा पिशवीत दह्याचा एक छोटा डबाही होता. निळ्या झाकणाचा, नेहमीच्या दह्यापेक्षा जवळजवळ दुप्पट किमतीचा, आणि झाकणावर ठळक अक्षरांत ‘प्रोबायोटिक’. आई तेव्हा कराडहून माझ्याकडे राहायला आली होती. तिने चष्मा लावला, डबा गोल फिरवून पाहिला, तळाची किंमत वाचली आणि विचारलं, “यात काय असतं गं?” मी म्हटलं, “पोटाला चांगले असे जिवंत जंतू असतात.” “मग आपल्या दह्यात नसतात होय?” मी म्हटलं, “असतात. म्हणजे तसे नसतात. म्हणजे असतात, पण...” आईने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “अठ्ठावीस वर्षं पोरांना हेच शिकवलंस ना?” असं म्हणून ती कुकर लावायला निघून गेली.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिकेला स्वयंपाकघरात असा ‘पण’वर पूर्णविराम मिळाला.

आईचं दही म्हणजे आमच्याकडे जवळजवळ एक वेगळी व्यक्ती आहे. अर्धा लिटर म्हशीचं दूध ती उकळून वर आल्यावर लगेच बंद करत नाही, आच कमी करून पाच-सात मिनिटं तसंच ठेवते. त्याने काय होतं हे तिला कुणी सांगितलेलं नाही, पण त्याने दही घट्ट लागतं एवढं तिला माहीत आहे. (दुधातल्या पाण्यासारख्या भागातली प्रथिनं उष्णतेने उलगडतात आणि दह्याच्या जाळीत पाणी धरून ठेवतात, म्हणून वर पाणी सुटत नाही.) मग दूध निवतं. करंगळी बुडवायची, आणि सोसवेल इतकंच गरम उरलं की लहान चमचाभर विरजण वाटीत फेटून त्यात घालायचं. मग या भांड्यातून त्या भांड्यात दोनदा ओतायचं, झाकण ठेवायचं आणि नंतर कुणी धक्का लावायचा नाही. उन्हाळ्यात सहा तासांत लागतं. थंडीत भांडं टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्यात बसवलं जातं, तरी सकाळ उजाडते. विरजण जास्त पडलं तर दही लवकर लागतं पण आंबट होतं. दूध थंडगार झाल्यावर घातलं तर दही लागता लागत नाही आणि भलताच वास मारतं. पावसाळ्यात कधीकधी तार सुटते. चमचा वर उचलला की दही लाळेसारखं लोंबतं. आई ते सगळं कढीत घालते आणि शेजारून नवं विरजण मागून आणते. ही तारसुद्धा जिवाणूंचीच करामत. काही जिवाणू स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्या विणतात आणि त्याच चिकट होतात. त्यात विषारी असं काही नसतं, फक्त वाढायला लाज वाटते.

या भांड्यात रात्रभर काय चालतं हे मी फळ्यावर शेकडो वेळा काढलंय. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, साधारण शंभर ग्रॅमला पाच ग्रॅमच्या आत. विरजणातले जिवाणू ती खातात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. आम्ल वाढत वाढत एका टप्प्याला पोचलं की दुधातलं केसीन हे प्रथिन विरघळलेलं राहू शकत नाही आणि त्याची जाळी बांधली जाते. तेच दही. आपल्या घरच्या दह्यात बहुतेक वेळा लॅक्टोकॉकस जातीचे गोल जिवाणू जास्त असतात. त्यांना पंचवीस-तीस अंशांचं तापमान मानवतं, म्हणजे आपलं स्वयंपाकघर. कारखान्यातलं योगर्ट लागतं ते चाळीसच्या वरच्या तापमानात, आणि तिथे दोन वेगळ्या जातींची जोडी असते: स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि बल्गेरियाचं नाव लावणारा लॅक्टोबॅसिलस. ताज्या दह्यात दर ग्रॅमला यांची संख्या कोटींच्या घरात असते. तेव्हा “आपल्या दह्यात नसतात होय?” याचं उत्तर ‘असतात’ हेच, आणि भरपूर असतात.

‘पण’ येतो तो प्रोबायोटिक या शब्दाबरोबर. २००१ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य या दोन संघटनांनी अर्जेंटिनातल्या कोर्दोबा शहरात तज्ज्ञ बसवले आणि या शब्दाची व्याख्या करून घेतली. ती आजही चालते. जिवाणू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने पोटात जायला हवेत, आणि त्यांच्यामुळे खाणाऱ्याला काही फायदा होतो असं दिसलेलं हवं. पहिल्या दोन अटी आईचं दही सहज पार करतं. तिसरीवर अडकतं. कारण फायदा झाला की नाही हे तपासायला आधी कुणाची परीक्षा घेतोय ते ठाऊक हवं, आणि आईच्या भांड्यात कोण कोण आहे हे आईलाही ठाऊक नाही, मलाही नाही. पावसाळ्यात शेजारणीचं विरजण आलं की ते बदलतंही.

इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या डोक्यात बसवायला मला फार वेळ लागायचा. नुसतं जातीचं नाव पुरत नाही. ‘आंबा’ म्हटल्याने काही कळत नाही, ‘हापूस’ म्हटल्याने थोडं कळतं, पण रत्नागिरीच्या एखाद्या बागेतल्या एका झाडाचं कलम म्हटलं की मग नेमकं फळ हातात येतं. जिवाणूंमध्ये त्या कलमाला स्ट्रेन म्हणतात, आणि त्याला आकडे-अक्षरांची एक खूण असते. सगळ्यात जास्त अभ्यासल्या गेलेल्यांपैकी एक म्हणजे एलजीजी. १९८०च्या दशकात तो माणसाच्या आतड्यातून वेगळा काढला गेला, आणि शेवटचे दोन ‘जी’ तो शोधणाऱ्या दोघांच्या आडनावांची आद्याक्षरं आहेत, गोरबाख आणि गोल्डिन. एलजीजीवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष त्याच जातीच्या दुसऱ्या स्ट्रेनला लावता येत नाही. आपल्या बागेतला रायवळ आंबा हापूसच्या भावात विकता येत नाही, तसंच. भाच्याच्या डब्यावर मी ही खूण शोधली. बारीक अक्षरांत जातीचं नाव होतं, स्ट्रेनची खूण नव्हती. संख्याही ‘पॅक करताना’ एवढीच दिलेली, खायच्या शेवटच्या तारखेपर्यंत किती उरतील ते नव्हतं. आंबट दह्यात दिवस जातील तसे हे जिवाणू मरत जातात, फ्रिजबाहेर राहिलं तर आणखी लवकर, त्यामुळे तो दुसरा आकडा खरा महत्त्वाचा. मी भाच्याला काही बोलले नाही. आजारी माणसाने आणलेल्या दह्यात खोट काढायची नसते.

आईने मात्र भलतंच केलं. डब्याच्या तळाशी राहिलेलं चमचाभर दही तिने फेकलं नाही. रात्री दूध तापवलं, करंगळी बुडवली आणि त्या चमच्याचं विरजण घातलं. सकाळी मला भांडं दाखवत म्हणाली, “हे बघ, लागलं. आता घरच्या घरी होईल ते तुझं प्रोबायोटिक. कशाला एवढे पैसे घालवायचे?” दही खरोखर सुरेख लागलं होतं, कापलं तर सुरीने कापलं जाईल असं. मी हसले, आणि मग वाटलं, हिचं म्हणणं चूक आहे हे मी दाखवू कसं? की चूक नाहीच?

म्हणून मी हिशेब मांडला, किराणाच्या यादीच्या मागच्या बाजूला. समजा डब्यातल्या दह्यात त्या खास जिवाणूची संख्या दर ग्रॅमला १० कोटी आहे. आईने पाच ग्रॅमचा चमचा पाचशे ग्रॅम दुधात घातला, म्हणजे शंभर पटीने पातळ केला. आता हा खास पाहुणा दुधात वाढतच नाही असं धरू. आईच्या पहिल्या विरजणानंतर दर ग्रॅमला १० लाख उरले. त्या दह्याच्या चमच्याने दुसरं दही लावलं, १० हजार. तिसरं लावलं, १००. चौथं लावलं की दर ग्रॅमला १. एक. अख्ख्या वाटीत दीडशे. दही मात्र चारही वेळा तितकंच घट्ट आणि तितकंच चवदार लागलेलं असणार, कारण ते लावणारे दुसरेच असतात. चव आणि घट्टपणा पाहून पाहुणा आत आहे की गेला हे कुणालाही सांगता येत नाही.

‘वाढतच नाही’ हे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून धरलं, पण ते अगदीच वेडगळ नाही. प्रोबायोटिक म्हणून वापरले जाणारे बरेचसे जिवाणू मूळचे आतड्यातले रहिवासी. दुधात ते राहतात पण रमत नाहीत. बिफिडोबॅक्टेरियम नावाच्या गटाला तर हवेतला प्राणवायूच सोसत नाही, आणि आपण दूध या भांड्यातून त्या भांड्यात ओतून त्यात हवाच मिसळत असतो. म्हणून कारखान्यात दही लावणारे जिवाणू वेगळे असतात आणि हे खास पाहुणे वेगळे वाढवून भरपूर संख्येने घातले जातात. ते चौथ्या पिढीपर्यंत अगदी एकवर येतील असं नाही, थोडे वाढतीलही. पण दही लावणाऱ्यांची संख्या रात्रभरात शंभर पटीने वाढत असते, आणि त्या शर्यतीत हे मागे पडतात.

तरी मला डोळ्यांनी बघायचं होतं. आई घरात होती, तिने न सांगता त्याच विरजणाचा वंश पुढे चालवला होता, आणि मी रोज थोडं दही छोट्या बाटलीत काढून फ्रिजच्या दारात ठेवत होते. पाच बाटल्या झाल्यावर त्या पर्समध्ये घालून जुन्या कॉलेजात गेले. माझी एक विद्यार्थिनी आता तिथे शिकवते. “मॅडम, दही घेऊन आलात?” म्हणत तिने काचपट्ट्या काढून दिल्या. दह्याचा ठिपका पाण्यात पातळ करायचा, काचेवर पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून तीनदा फिरवायचा, चरबी धुऊन काढायची, मग निळा रंग. हात विसरले नव्हते. हजारपट मोठं करून पाहिलं तर पहिल्या, म्हणजे डब्यातल्या दह्यात गोल मण्यांच्या माळा होत्या आणि त्यांच्यामधून लांब, बारीक, सडपातळ काड्या पसरलेल्या. पहिल्या विरजणात काड्या दिसत होत्या. दुसऱ्यात शोधाव्या लागल्या. चौथ्या विरजणाची काचपट्टी मी बराच वेळ सरकवत राहिले. जोडी-जोडीने बसलेले गोल मणी, सगळीकडे तेच. आईच्या कराडच्या दह्याची काचपट्टी असती तर अशीच दिसली असती.

हा पुरावा नाही, हे मलाच सांगायला हवं. सूक्ष्मदर्शकाखाली फक्त आकार दिसतो, स्ट्रेनची खूण काही कुणाच्या पाठीवर छापलेली नसते. त्या काड्या खास पाहुण्याच्या होत्या की योगर्टच्या साध्या लॅक्टोबॅसिलसच्या, ते मला त्यावरून ओळखता येणार नव्हतं. पण कारखान्यातल्या उबेत वाढलेली मंडळी आमच्या ओट्यावरच्या तापमानात मागे पडली आणि चमच्याला, भांड्याला, हवेला चिकटून असलेल्या घरच्या मंडळींनी जागा घेतली, एवढं दिसलं. आईला सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे चौथ्या दिवशी ते आपलंच झालं.” मी अठ्ठावीस वर्षांत हे इतक्या कमी शब्दांत शिकवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मला अण्णांची आठवण आली. आमच्या वडिलांना दूध चालत नसे. निवृत्तीनंतर कुणीतरी हाडांसाठी रोज रात्री पेलाभर दूध प्यायला सांगितलं, आणि आठ दिवसांत घरात त्यांच्या पोटाच्या गुडगुडीवर विनोद सुरू झाले. पोट फुगायचं, गॅस व्हायचा, सकाळी घाईघाईने उठावं लागायचं. दही आणि ताक मात्र ते मनसोक्त घ्यायचे. आई याला नखरे म्हणायची. “दुधाचंच तर दही होतं. दूध बाधतं आणि दही बाधत नाही, असं कधी असतं का?” अण्णा ताकाचा पेला भरून घ्यायचे आणि उत्तर द्यायचे नाहीत.

असतं असं, आणि जिवंत दह्याबद्दल सगळ्यात ठामपणे सांगता येण्यासारखी गोष्ट बहुधा हीच आहे. दुधातली लॅक्टोज साखर फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. तान्ह्या बाळाकडे ते भरपूर असतं, मोठेपणी जगातल्या बहुसंख्य माणसांचं कमी होत जातं. मग न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात, आणि त्यातून गॅस तयार होतो. अण्णांच्या पेलाभर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असणार. वाटीभर दह्यात त्याहून कमी, कारण थोडं जिवाणूंनी आधीच संपवलेलं असतं. पण फरक एवढ्यावर थांबत नाही. १९८४ साली अमेरिकेत एक छान प्रयोग झाला. लॅक्टोज न पचणाऱ्या लोकांना सारख्याच प्रमाणात लॅक्टोज एकदा दुधातून दिलं आणि एकदा योगर्टमधून, आणि त्यांच्या श्वासातला हायड्रोजन मोजला. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचली की हायड्रोजन तयार होतो आणि तो रक्तातून श्वासात येतो, म्हणून हे मोजमाप. योगर्टनंतर तो दुधाच्या साधारण एक तृतीयांशच निघाला. साखर तेवढीच, तरी ती पचली होती.

पचवली कुणी? दह्यातल्या जिवाणूंकडे लॅक्टोज फोडणारं विकर असतंच, त्यावरच तर त्यांचं पोट चालतं. ते विकर त्यांच्या पेशीच्या आत बंद असतं, त्यामुळे जठरातल्या आम्लातून बरंचसं सुखरूप पार होतं. पुढे लहान आतड्यात पित्त येतं, आणि पित्त हे चरबी विरघळवणारं, साबणासारखं काम करणारं. ते जिवाणूंच्या आवरणाला भोकं पाडतं. विकर बाहेर सांडतं आणि नेमकं जिथे हवं तिथे खाणाऱ्याची साखर फोडू लागतं. म्हणजे यात जिवाणूंनी आपल्या पोटात घर करायची, वाढायची गरजच नाही. वाटेत फुटले तरी काम होतं. किंबहुना फुटतात म्हणूनच होतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली हा दावा मान्य केला. अट एवढीच की दर ग्रॅमला निदान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. प्रोबायोटिकच्या नावाने तिथे आलेले बाकीचे बहुतेक दावे मात्र पुराव्याअभावी परत गेले. आणि यासाठी निळ्या झाकणाचा डबा लागत नाही, साधं ताजं योगर्ट पुरतं. घरच्या दह्यात मंडळी थोडी वेगळी असतात, म्हणून तो आकडा जसाच्या तसा आईच्या भांड्याला मी लावणार नाही, पण अण्णांचं पोट काय सांगत होतं ते आता मला कळतं. तेच दही कढीत उकळलं की जिवाणूही गेले आणि विकरही. कढी पचायला हलकी वाटली तर ती पातळ असते म्हणून, किंवा आल्या-जिऱ्यामुळे म्हणा, जिवाणूंचा त्यात वाटा नाही.

अण्णा गेल्याला अकरा वर्षं झाली. ते नखरे नव्हते हे आईला सांगायचं राहूनच गेलं होतं. यावेळी सांगितलं. ती काही बोलली नाही, फक्त गवार निवडता निवडता थांबली.

आता भाच्याचं पोट. त्याच्या अँटिबायोटिकने दाढेतले जिवाणू मारताना आतड्यातल्यांनाही झोडपलं, म्हणून जुलाब. यावर काही ठरावीक प्रोबायोटिकांचा उपयोग होतो, मुलांमध्ये तर बऱ्यापैकी पुरावा आहे, पण तो मोजून दिलेल्या मोठ्या मात्रेचा आणि अँटिबायोटिकबरोबरच सुरू केलेल्या औषधाचा आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली कॅप्सूल म्हणजे सॅकरोमायसेस बोलार्डी, आणि हा जिवाणूच नव्हे, एक प्रकारचं यीस्ट. त्यामुळे जिवाणू मारणारं औषध त्याला मारू शकत नाही. हुशारीची निवड. केमिस्टकडे मिळणाऱ्या त्या छोट्या प्लास्टिकच्या नळ्यांमध्ये बहुतेकदा बॅसिलसचे बीजाणू असतात, ती आणखी तिसरीच मंडळी. यांतलं काहीच दह्यात नसतं. दह्यातल्या बिचाऱ्यांना भाच्याच्या गोळीने पोटात गाठून मारलंच असतं, म्हणून मी त्याला दही गोळीनंतर दोन-तीन तासांनी दिलं. (काही अँटिबायोटिकांच्या बाबतीत उलटा धोका असतो. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन दह्या-दुधाबरोबर घेतलं तर त्यातलं कॅल्शियम औषधालाच बांधून ठेवतं आणि गोळीचा परिणाम कमी होतो. केमिस्ट हे सहसा सांगत नाहीत.) अँटिबायोटिक संपलं आणि दोन दिवसांत भाचा बरा झाला. कॅप्सूलने, दहीभाताने, की फक्त गोळ्या संपल्या म्हणून, ते मला सांगता येणार नाही. तो म्हणतो डब्याने. रक्त पडलं असतं किंवा ताप चढला असता तर मी दह्याच्या गप्पा न मारता त्याला थेट डॉक्टरांकडे नेलं असतं.

‘गेलेले जिवाणू दह्याने भरून काढायचे’ ही कल्पना मात्र मला आता पटत नाही, मीच ती कधीकाळी वर्गात सांगितली असली तरी. माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा एक अंदाज आहे, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. दीडशे ग्रॅमच्या वाटीत, दर ग्रॅमला १० कोटी धरले तरी, १,५०० कोटी. म्हणजे तिथल्या अडीच हजारांत एक पाहुणा, आणि तोही वाटेतला आम्ल-पित्ताचा टोल भरून आलेला. ते तिथे ठाण मांडून राहत नाहीत. खाणं थांबवलं की काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, शौचात दिसेनासे होतात. २०१८ साली इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेने अँटिबायोटिकनंतर काही लोकांना अकरा स्ट्रेनचं प्रोबायोटिक दिलं आणि काहींना काहीच दिलं नाही. ज्यांना काही दिलं नाही त्यांची स्वतःची मंडळी आधी परतली, प्रोबायोटिकवाल्यांची कित्येक महिने रेंगाळली. लोक मोजके होते, त्यामुळे यावरून कुणाचं औषध बंद करायला मी सांगणार नाही. पण रिकाम्या घरात आधी येऊन बसलेला पाहुणा मूळ मालकालाच दारात उभा करतो, हे चित्र माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्याच वर्षी अमेरिका आणि कॅनडात दोन मोठे प्रयोग झाले. उलट्या-जुलाब झालेल्या लहान मुलांपैकी निम्म्यांना खरं प्रोबायोटिक, निम्म्यांना तसंच दिसणारं निरुपयोगी चूर्ण. एका प्रयोगात औषध होतं तेच प्रसिद्ध एलजीजी. दोन्हीकडे काही फरक दिसला नाही. सतत बिघडणारं पोट आणि पोटाचे इतर विकार यांसाठी तर अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली पुराव्यांची छाननी केली, आणि बहुतेक तक्रारींवर प्रोबायोटिक द्यावं असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना सापडला नाही.

हे सगळं मी आईला एका बैठकीत सांगायचा प्रयत्न केला. अर्ध्यात ती म्हणाली, “म्हणजे दही खायचं की नाही?” म्हटलं, खायचं. प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे, दूध न सोसणाऱ्याला सोसतं, आजाऱ्याच्या घशाखाली भात उतरतो. ती म्हणाली, “एवढं मला माहीत होतं.”

पंधरा दिवसांनी ती कराडला निघाली. एसटीचं रिझर्व्हेशन होतं, पिशवीत डाळिंबं, माझ्या दोन जुन्या साड्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. ते उघडून पाहिलं तर भाच्याचा तो निळ्या झाकणाचा डबा, स्वच्छ धुतलेला, झाकणाला रबर लावलेलं. आत आमच्या घरच्या दह्याचं विरजण. तिथलं दही गेले काही दिवस तार सोडतंय असं वहिनी फोनवर म्हणाली होती, म्हणून. “स्टीलच्या डबीतून सांडतं गं, याचं झाकण घट्ट बसतं,” आई म्हणाली. मी डबा परत गुंडाळून दिला.

परवा वहिनीने फोटो पाठवला. फ्रिजच्या मधल्या फळीवर, लोणच्याच्या बरणीशेजारी, ‘प्रोबायोटिक’. खाली लिहिलं होतं, आईंनी सांगितलंय याला हात लावायचा नाही.